रिकामं पोट आणि पहिलं ताट

‘इतके दिवस पोटात काही नव्हतं. आता ताप उतरला, भूकही लागली, मग पहिल्याच जेवणानंतर पोटात कळा का येतात? पोट तट्ट का फुगतं? आणि खायचं तरी काय?’

दर पावसाळ्यात गॅस्ट्रोच्या साथीनंतर आणि दर दसऱ्यानंतर हे ऐकते. मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे नातेवाइकांचे फोन तर ठरलेलेच. एका वाक्यात उत्तर दिलं की समोरचा म्हणतो, ‘म्हणजे जड झालं.’ तेवढ्यावर विषय संपतो आणि पुढच्या वेळी तेच ताट वाढलं जातं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

न खाल्लेल्या दिवसांत पोट नुसतं पडून राहत नाही. लहान आतड्याच्या आत केसांहून बारीक अंकुर असतात आणि त्यांच्यावरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. नवी पेशी अंकुराच्या बुडाशी जन्मते, वर सरकत जाते, टोकाशी पोचली की गळून पडते. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य वर पोचलेल्या, पिकल्या पेशींमध्येच असतं. भाताच्या लोंबीतला पिकलेला दाणा वादळात आधी झडतो, तसं हे आहे. गॅस्ट्रोचा विषाणू या टोकांवरच घाव घालतो. जुलाब थांबले म्हणजे टोकं भरून आली असं नाही. मोठ्या माणसात बहुधा काही दिवसांत भरतात, कधी दोन-तीन आठवडेही लागतात.

नुसत्या उपवासात एवढी पडझड होत नाही. पण या पेशी आपलं बरंचसं पोषण रक्तातून नाही, समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. समोरून काही गेलंच नाही तर अंकुर थोडे खुजे होतात. जठरही काही दिवस रिकामं राहिलं की पहिलं अन्न पुढे ढकलायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावतं. ‘दोन घासांत पोट भरलं’ असं आजारातून उठलेला माणूस म्हणतो तेव्हा तो नखरे करत नसतो.

आता अण्णांचं सांगते, कारण मला जे कळलं त्यातलं बरंचसं त्या एका दिवसात आहे.

माझ्या वडिलांना गॅस्ट्रो झाला होता. उलट्या दोन दिवसांत थांबल्या, जुलाब आणखी काही दिवस चालले. मी त्यांना तांदळाची पेज, मीठ घालून, वाटी-वाटीनं देत होते. नंतर मऊ भात आणि मुगाचं वरण. माझी आत्या भेटायला आली, त्यांचे खोल गेलेले डोळे पाहिले आणि माझ्यावर उखडली. ‘एवढी शिकलीस आणि बापाला पेजेवर ठेवलंस?’ मी काहीबाही बोलले, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अण्णांना खरंच भूक लागली होती. दुपारी एकला ताट वाढलं गेलं. तीन पोळ्या, मटकीची उसळ, कांदा घातलेली बटाट्याची भाजी, वरण-भात, वर तूप. ताकद यावी म्हणून शेवटी पेलाभर हळदीचं दूध.

वीस मिनिटांत पहिली कळ आली, बेंबीभोवती. ते शौचाला जाऊन आले आणि बरं वाटलं. आत्या म्हणाली, ‘बघ, पोट साफ झालं.’ ही पहिली कळ अन्न न पचल्याची नव्हतीच. वीस मिनिटांत ती पोळी फार तर जठरात असते. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला आकुंचनाचा इशारा जातो, हे प्रत्येकात रोज घडतं, सकाळच्या चहानंतर अनेकांना जावं लागतं ते त्यामुळेच. पण संसर्गातून नुकत्याच उठलेल्या आतड्याच्या नसा चिडलेल्या असतात. एरवी जाणवणारही नाही ते आकुंचन तेव्हा कळ म्हणून जाणवतं.

खरा त्रास तीनच्या सुमारास सुरू झाला. पोट फुगलं, गुडगुडायला लागलं, शौच पाण्यासारखी आणि आंबूस वासाची, जाताना आग होणारी. पेलाभर दुधात, २०० मिलिलिटर धरा, नऊ-दहा ग्रॅम दुग्धशर्करा असते. ती फोडायला टोकं नव्हती, म्हणून ती तशीच पुढे सरकून दीड-दोन तासांनी मोठ्या आतड्यात पोचली. वाटेत तिनं स्वतःकडे पाणी ओढून घेतलं. तिथल्या जिवाणूंनी तिच्यावर ताव मारला आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लं तयार केली. मटकी, कांदा आणि गव्हात असलेल्या काही शर्करा तर धडधाकट माणसाच्या लहान आतड्यालाही फोडता येत नाहीत. त्या रोजच जिवाणूंच्या वाट्याला जातात. त्या दिवशी दोन्ही एकदम गेलं.

संध्याकाळी अण्णांनी छातीच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली हात धरला. घाम आला होता. मोठं आतडं डावीकडे बरगडीखाली वळतं, तिथे वायू अडकला की असं दुखतं, हे मला माहीत होतं. पण साठीच्या माणसाला घाम फुटलेला असताना ते माहीत असण्याचा काही उपयोग नाही, आणि घरी बसून तसं ठरवूही नये. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. ईसीजी निघाला, काही वेळानं पुन्हा निघाला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. ते फुगलेलं होतं पण मऊ होतं, वायू सरत होता, ताप नव्हता. रात्री अकराला घरी आलो. रिक्षात आत्या माझा हात धरून बसली होती आणि आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त लागलं. सगळ्यांनी ठरवलं की आता पोटाला पूर्ण विश्रांती द्यायची. दोन दिवस नुसता फळांचा रस आणि पाणी. तिसऱ्या दिवशी पुन्हा बऱ्यापैकी जेवण, पुन्हा पोट फुगलं, पुन्हा उपास. मी ओरडून सांगत होते की ज्या अस्तराला अन्न हवं आहे त्याचंच अन्न तुम्ही तोडताय. आणि रसातली साखर तरी कुठे नीट शोषली जातेय? घरातल्या मुलीचं कोण ऐकतं!

इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. शिकत असताना मी लंघनाच्या बाजूनं हिरिरीनं बोलायची. पोट बिघडलं की खाऊ नये, आजी म्हणायची तेच खरं, असं. आज मी म्हणते की जुलाब चालू असतानाही थोडं थोडं खात राहावं. लहान मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, अंगावरचं दूध तर अजिबात तोडू नये. पण ती जुनी मी पूर्ण गप्प बसत नाही. ती म्हणते, उलट्या चालू असलेल्या माणसाला भूकच नसते, शरीर स्वतःच नको म्हणतं, ते काय उगाच? आणि लंघन सांगणाऱ्या आयुर्वेदानंच नंतरचा क्रमही सांगितला आहे. शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीनंतर, आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग मुगासारख्या कडधान्याचं यूष म्हणजे कढण, आणि शुद्धी जितकी मोठी तितका क्रम लांब, तीन, पाच किंवा सात दिवस. लोकांनी लंघन तेवढं लक्षात ठेवलं आणि क्रम सोडून दिला. या मुद्द्यावर आम्ही दोघी एक आहोत, बाकी वाद चालू आहे.

नवरात्राच्या उपवासाचं थोडं वेगळं आहे आणि मी उपवासाच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे खाणाऱ्यांची आतडी उपाशी नसतात. साबुदाण्यात जवळजवळ नुसता पिष्ट पदार्थ, चोथा नाहीच, पाणीही कमी प्यायलं जातं, म्हणून शौच कोरडी होऊन अडते. त्यावर दसऱ्याला हरभऱ्याच्या डाळीचं पुरण किंवा पुरी-श्रीखंड. खाली वाट अडलेली आणि वरून वायू तयार करणारी डाळ, मग कळा येणारच. तिथे उपाय आदल्या दिवसांतला आहे. पाणी, फळं, ताक, आणि शेवटच्या दिवशी थोडी लाल भोपळ्याची भाजी चालत असेल तर ती.

आजारानंतर मी काय देते ते सांगते. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी वाटीभर पेज किंवा मुगाचं कढण, मीठ घालून. दुसऱ्या दिवशी मऊ भात, मुगाचं पातळ वरण, चमचाभर तूप, पातळ ताक. ताकातली काही दुग्धशर्करा विरजणानं आधीच खाल्लेली असते, म्हणून दूध बाधतं त्यालाही ते बहुधा चालतं. मग फुलका आणि दुधी. पूर्ण पोळी, कांदा, उसळी त्यानंतर, आणि पेलाभर दूध सगळ्यात शेवटी, आठवडाभरानं, तेही आधी अर्धा कप जेवणासोबत. पोट फुगलं तर जेवण तोडायचं नाही, एक पायरी मागे यायचं. कळ कधी आली ते घड्याळात पाहा. लगेच आली आणि शौचानंतर गेली तर घास कमी करा, दीड-दोन तासांनी फुगलं तर ताटात काय होतं ते पाहा.

हे सगळं नेहमीच्या कळांबद्दल. पोट दाबल्यावर कडक लागत असेल, वायूही सरत नसेल, उलटी हिरवी असेल, शौचात रक्त असेल किंवा ताप पुन्हा चढला असेल तर पेज करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. टायफॉइडमध्ये साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकतं, आणि तेव्हाच घरात ‘आता बरा झाला’ म्हणून ताट वाढलं जात असतं. आणखी एक. खूप कृश माणूस, दारूचं व्यसन असलेला किंवा पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेला माणूस असेल तर मला कळांपेक्षा वेगळी भीती असते. अन्न एकदम सुरू झालं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि रक्तातली पातळी धोकादायक खाली येते. पायांवर सूज, धाप, धडधड, गोंधळलेपण दिसतं. अशांचं खाणं रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं असतं.

अण्णांनी त्यानंतर दूध सोडलं ते सोडलंच. ‘मला दूध सोसत नाही’ हे आता त्यांचं पक्कं मत आहे. मी बरीच वर्षं म्हणत आले की ते फक्त त्या आजारापुरतं होतं, अर्धा कप घेऊन पाहा. पण आपल्याकडे अनेक मोठ्या माणसांत लॅक्टेज वयानुसार मुळातच कमी होतं. कदाचित त्यांचंही आधीच कमी असेल आणि आजारानं ते फक्त उघडं पडलं असेल. दुग्धशर्करा पिऊन श्वासातला हायड्रोजन मोजायची तपासणी असते, त्यातून कळेल. अण्णा तपासणीला तयार नाहीत. ताक मात्र रोज दोन वाट्या पितात.