पेल्यातले नाणे

"मामा, महिना-महिना जहाज किनाऱ्याला लागत नाही, मग तेवढे दिवस चिकन खराब कसे होत नाही?"

मी जहाजावर स्वयंपाकी आहे. नाशिकला सुट्टीवर आलो की दर लग्नात मी 'फ्रीझर असतो ना' एवढे सांगून मोकळा होतो. ते उत्तर अर्धवट आहे, म्हणून आज पूर्ण सांगतो.

चिकन भरण्याचा हिशेब सोपा आहे. 22 माणसे, 40 दिवस आणि माणशी रोज 200 ग्रॅम धरले तर 176 किलो होतात. बंदराबाहेर थांबावे लागले तर हाताशी असावे म्हणून दहा दिवसांचे वाढवून मी 220 किलो घेतो. मांसाची खोली उणे 18 अंशांवर आणि भाज्यांची 4 अंशांच्या आसपास असते. कांदा मात्र लासलगावच्या चाळीतल्यासारखा, हवेशीर आणि बटाट्यापासून दूर ठेवतो.

एका प्रवासात मी खोकी छतापर्यंत, थेट थंड हवेच्या पंख्यासमोर रचली होती. एके रात्री नळ्यांवरचा बर्फ वितळवणारा हीटर बंदच झाला नाही. पहाटे इंजिनवाल्यांनी तो दुरुस्त केला, पण गॅलीला, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराला, कोणी कळवले नाही. सकाळी दारावर उणे 12 दिसले. बर्फ वितळवल्यानंतर आकडा थोडा चढतोच, म्हणून मी पुढे गेलो. तो आकडा खोलीतल्या हवेचा असतो, मांसाचा नव्हे. हवा लवकर गार होते, आणि मधल्या काळात वितळलेले चिकन पुन्हा गोठून निर्दोष दिसू लागते.

तीन दिवसांनी पंख्याजवळचे खोके उघडले, तेव्हा तुकडे एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला होता आणि पिशवीच्या तळाशी गुलाबी बर्फ साचला होता. याचा अर्थ मला कळत होता. तरीही पुरवठादाराकडेच असे झाले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि घाईत ती पिशवी भाज्यांच्या खोलीत वरच्या फळीवर, खाली ताट न ठेवता, वितळायला ठेवली. त्याच फळीखाली काकड्यांचा क्रेट होता.

दुसऱ्या दिवशी पाच जणांना जुलाब सुरू झाले. चिकन मी पूर्ण शिजवले होते, हे मी कप्तानांना पुन्हा पुन्हा सांगितले, आणि ते खरेच होते. पण कोशिंबीर कोणी शिजवत नाही. दोष हीटरचा की माझ्या फळीचा, हा वाद मी स्वतःशी अजून घालतो.

त्यानंतर मी पंख्यासमोर हातभर जागा सोडतो, चिकन सर्वांत खालच्या फळीवर खोल ताटात वितळवतो आणि मांसाच्या खोलीत पाणी गोठवलेला पेला ठेवून त्यावर एक नाणे ठेवतो. नाणे बर्फात खाली गेलेले दिसले की मधल्या वेळात काय घडले ते समजते, मग दारावरचा आकडा काहीही असो.

त्या वेळी मी 60 किलो चिकन प्लास्टिक काढून, किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांहून दूर समुद्रात टाकले. उरलेले दिवस अंडी, डाळ आणि सोयाबीनवर काढले, आणि लोकांची नाराजी सोसली. त्या 60 किलोंत मागच्या रांगेतली दगडासारखी घट्ट खोकीही होती. ती कदाचित चांगली असतील, पण तेव्हा माझ्याकडे पेला नव्हता.