साबणाचं पाणी मागे का पडलं

नववीच्या वर्गाला पृष्ठताण शिकवायचा होता. रुपयाच्या नाण्यावर ड्रॉपरने थेंब सोडत गेलं की पाणी काठाच्या वर फुगतं, पण सांडत नाही. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून ओढणारं कुणी नसतं, खालचे आणि बाजूचे शेजारीच ओढतात. त्यामुळे पाणी स्वतःला आवळून धरतं. त्या फुगवट्याला भांडी घासायच्या लिक्विडमध्ये बुडवलेली काडी टेकवली, की ते क्षणात ओघळतं. साबणाचे रेणू पृष्ठभागावर दाटी करतात, त्यांची पाण्याला नकोशी वाटणारी शेपटी बाहेर राहते आणि ती आवळ सैल होते. साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो, साबण घातल्यावर तो 30 च्या आसपास येतो. इथवर तास नेहमीसारखा चालला होता.

पुढे गाळणकागदाच्या दोन पट्ट्या घेतल्या. प्रत्येक सेंटीमीटरला पेन्सिलीने खूण केली (पेनची शाई पाण्याबरोबर वर पळते, म्हणून पेन्सिलच). एक पट्टी साध्या पाण्यात, दुसरी साबणाच्या पाण्यात टेकवायची. त्याआधी मी विचारलं, कोण पुढे जाईल? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, साबणाचं. साबणाने पाणी पसरतं हे आत्ताच नाण्यावर पाहिलं होतं ना!

साधं पाणी पुढे गेलं. पहिला सेंटीमीटर दोघांनीही झटकन पार केला, पण तिसऱ्या-चौथ्या खुणेपाशी फरक उघड दिसायला लागला. मुलांनी पट्ट्या बदलून पुन्हा करून पाहिलं, तरी तेच.

कारण समजायला कागदाच्या आत डोकवायला हवं. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू आणि त्यांच्यामधल्या बारीक फटी. सेल्युलोजला पाणी आवडतं, म्हणून पाणी तंतूंना चिकटत पुढे सरकतं आणि त्याचा ताणलेला पृष्ठभाग मागच्या पाण्याला ओढून घेतो. म्हणजे ओढणारा दोर पृष्ठताणच आहे. साबणाने नेमका तोच कमजोर केला. काचेच्या नळीत हे मोजता येतं: 1 मिलीमीटर व्यासाच्या स्वच्छ नळीत साधं पाणी सुमारे 3 सेंटीमीटर चढतं, साबणाचं त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. कागदात आणखी एक गोष्ट असते. पाणी जितकं आत जातं तितकी भिजलेली वाट लांबते आणि घर्षण वाढतं. म्हणून दुप्पट अंतराला साधारण चौपट वेळ लागतो. सांडलेल्या पाण्यावर ठेवलेला टिश्यू सुरुवातीला भराभर पितो आणि मग रेंगाळतो, तो यामुळेच.

फळ्यावर हे लिहून होतंय तोच मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ‘‘मॅडम, आमच्या घरी मांजरपाटाचं नवं फडकं पाणी पुसतच नाही, नुसतं पुढे ढकलतं. आई ते आधी साबणात भिजवते, मग ते पितं. मग साबणाने ओढ कमी कशी झाली?’’

इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच मिळालाय. तास संपत आला होता, पण पुढच्या तासाच्या बाईंकडून वेळ मागून घेतला आणि शिवणकामाच्या खोलीतून कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा आणवला. त्यावर साध्या पाण्याचा थेंब टाकला. तो गोल मण्यासारखा बसून राहिला. शेजारी साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला, तो पाहता पाहता आत जिरला.

कोऱ्या सुती कापडाच्या तंतूंवर कापसाचं स्वतःचं मेण असतं. पाणी मेणाला चिकटत नाही, थेंबाची कड तिथे 90 अंशांपेक्षा मोठा कोन करते. अशा वेळी पृष्ठताण पाण्याला फटीत ओढत नाही, उलट बाहेर ठेवतो. दोर भक्कम आहे, पण उलट्या दिशेने ओढतोय. साबण मेणावर बसतो, कोन 90 अंशांच्या खाली आणतो आणि ओढ आतल्या दिशेला वळते. दोर कमजोर झाला तरी दिशा सुधारली, म्हणून थेंब जिरला. गाळणकागदात मेण नाही, दिशा मुळातच योग्य होती. तिथे साबणाकडे सुधारायला काही नव्हतं, फक्त नुकसान उरलं.

त्या मुलीने तो तुकडा घरी नेऊन धुण्याच्या सोड्यात उकळला, साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून वाळवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन पट्ट्या कापून आणल्या. मेण निघालं होतं. साधं पाणी आता त्या कापडात सरसर चढलं आणि साबणाचं पाणी पुन्हा मागे पडलं.