डेल्फ बी२ ऐकणं, सहावा आठवडा: प्रश्नांच्या वाचनापासून समासातल्या टिपणापर्यंत

या आठवड्यात सराव फक्त लांब ध्वनिमुद्रणांचा केला. डेल्फ ही फ्रेंच भाषेची परीक्षा, तिच्या बी२ पातळीच्या ऐकण्याच्या भागात तीन स्वाध्याय असतात. पहिल्या दोनांत एकेक लांब मुद्रण दोनदा ऐकवतात आणि प्रत्येकाला ९ गुण असतात. तिसऱ्यात तीन छोटी मुद्रणं एकदाच ऐकवतात, त्याला ७ गुण. एकूण २५ गुण आणि साधारण अर्धा तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही चौकट रिकामी सोडायची नाही.

मुंबईत हातोहात फिरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्समध्ये वाक्यात उत्तर लिहायचे प्रश्न अजून दिसतात. २०२० साली आलेल्या नव्या नमुन्यात ऐकण्याचे सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे आहेत. टिपणाची पद्धत या बदलावरच ठरते. पूर्वी ऐकलेलं पुन्हा लिहून काढावं लागे, म्हणून भरपूर टिपावं लागे. आता तीन पर्यायांतला एक निवडण्यापुरतीच टीप हवी. पानभर लिहिणाऱ्याचे कान तेवढा वेळ बंद असतात.

ऐकण्याआधीचं मिनिट

मुद्रण सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला जेमतेम एक मिनिट मिळतं आणि एका लांब मुद्रणावर सहा-सात प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला आठ-दहा सेकंद. तेवढ्यात सगळे पर्याय नीट वाचून होत नाहीत, आणि तो हट्ट धरला की शेवटचे दोन प्रश्न न वाचताच आवाज सुरू होतो. म्हणून आधी सगळ्या प्रश्नांची फक्त मुख्य वाक्यं वरून खाली वाचायची. प्रश्न बहुतेक वेळा मुद्रणाच्या क्रमानेच येतात, त्यामुळे एवढ्यानेच बोलण्याचा आराखडा हातात येतो: आधी कारण, मग परिणाम, मग कुणाचा तरी आक्षेप, शेवटी सूर.

या फेरीत एकच गोष्ट अधोरेखित करायची, ती म्हणजे कुणाचं मत विचारलंय. 'सलों' म्हणजे 'च्या मते'. त्याच्यापुढे निवेदिका आहे, तज्ज्ञ आहे की एखादा रहिवासी, ते पाहायचं. रेडिओवर तिघंही एकाच विषयावर बोलतात आणि चुकीच्या पर्यायांतला एक बरेचदा दुसऱ्याच माणसाचं मत असतो.

उरलेल्या वेळात पर्यायांकडे वळायचं, पण वाक्य म्हणून वाचायचं नाही. तिघांत फरक कुठे आहे तेवढंच शोधायचं आणि प्रत्येकासमोर मराठीत एक शब्द टाकायचा: 'वाढले', 'सरकले', 'नाराज'. मुद्रणात पर्यायातले शब्द जसेच्या तसे येणार नाहीत, त्यांचा अर्थ वेगळ्या शब्दांत येईल. मराठी शब्द लिहिला की कान फ्रेंच शब्दाच्या मागे न धावता अर्थाची वाट पाहतो. या आठवड्यातला सगळ्यात उपयोगी बदल हाच.

एक प्रश्न, पूर्ण सोडवून

सरावासाठी रचलेला उतारा असा. एका शहरात वाचनालय रविवारी उघडं ठेवायला सुरुवात झाली आहे आणि ग्रंथपाल मुलाखत देते आहे. प्रश्न: ग्रंथपालाच्या मते रविवारच्या वेळेमुळे काय झालं? पर्याय अ: नवा वाचकवर्ग आला. ब: येण्याचे दिवस बदलले. क: नेहमीचे वाचक नाराज झाले. समासात तीन शब्द: नवे, दिवस, नाराज.

ती म्हणते त्याचा आशय: सेर्त, रविवारी गर्दी होते, मे आमच्या लक्षात आलं ते असं की मुख्यतः नेहमीच्याच वाचकांनी आपला दिवस बदलला आहे. आं फेत, नव्या सभासदांची संख्या गेर हलली आहे.

'सेर्त' ऐकलं की पेन उचलायचं नाही. हा आपला 'खरं आहे, मान्य आहे' आहे, आणि त्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा 'मे', म्हणजे 'पण', येतो. बोलणाऱ्याचं मत त्या 'मे'नंतर असतं. त्याआधीचं टिपायचंच तर कंसात: (गर्दी). मग 'मे' आल्यावर उलटा बाण आणि 'जुने → दिवस'. 'आं फेत' म्हणजे 'खरं तर', आधीच्या समजुतीची दुरुस्ती. तिथे 'नवे ≈ ०'. एवढ्या तीन खुणांवर उत्तर ब पक्कं होतं.

चूक दोन ठिकाणी होते. 'नवे सभासद' हे शब्द कानाने ऐकलेले असतात, म्हणून अ खरा वाटतो. 'नेहमीचे वाचक' हेही ऐकलेलं असतं, म्हणून क बरोबर वाटतो. ब पर्यायातला 'येण्याचे' हा शब्द मात्र उताऱ्यात कुठेच नाही. ऐकलेल्या शब्दाशी हुबेहूब जुळणारा पर्याय दिसला की आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा.

दुसरा सापळा 'गेर' या शब्दाचा. 'न' आणि 'गेर' मिळून 'फारसं नाही' असा अर्थ होतो. पण 'युद्ध' या अर्थाचा फ्रेंच शब्दही कानाला तसाच ऐकू येतो. वाचनालयाच्या गोष्टीत युद्ध कुठून आलं या गोंधळात पुढची दहा सेकंदं वाहून जातात. एखादा शब्द विषयात बसत नसेल तर तो नकाराचा तुकडा असू शकतो, हे लक्षात ठेवून पुढे सरकायचं.

टिपण: कुठे, किती, कोणत्या लिपीत

टिपण वेगळ्या कागदावर नको, ज्या प्रश्नाचं आहे त्याच्याच शेजारी. वेगळ्या कागदावर लिहिलं की कोणती ओळ कोणत्या प्रश्नाची हे नंतर जुळवत बसावं लागतं. एका प्रश्नाला तीन-चार खुणा पुरतात: कोण, वर की खाली, आकडा, आणि वळण कुठे आलं. एक खूण वेगळी राखून ठेवा, प्रश्नचिन्ह, बातमीतल्या ऐकीव गोष्टींसाठी. 'महापौरांनी नकार दिला' हे फ्रेंचमध्ये 'आ रफ्युझे'. 'महापौरांनी नकार दिल्याचं समजतं' हे 'ओरे रफ्युझे'. फरक फक्त सुरुवातीच्या एका छोट्या शब्दाचा आहे, पण दुसऱ्यात पत्रकार खात्री देत नाही. पर्यायांत एक ठाम आणि एक 'असं म्हणतात' धाटणीचा असेल तर सगळं या 'ओरे'वर ठरतं.

अनोळखी शब्द देवनागरीत उतरवावा. फ्रेंच स्पेलिंगमधली न उच्चारली जाणारी अक्षरं आठवण्यात वेळ जातो, देवनागरीत जे ऐकलं तेच उतरतं. पण खुणा आधी ठरवलेल्या हव्यात: नाकातले तीन स्वर आं, ओं, एँ असे वेगळे लिहायचे, आणि ओठ गोल करून म्हटलेल्या 'इ'ला 'यू' लिहायचं. 'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. दोन्ही 'दसू' असंच लिहिलं तर टीप निरुपयोगी.

'प्ल्यू'लाही हाच नियम. वाक्याच्या शेवटी 'प्ल्यूस' असा 'स' ऐकू आला तर 'जास्त'. 'स' नसेल तर बहुधा 'आता उरलं नाही', कारण बोलताना नकाराचा 'न' लोक सर्रास गाळतात. विशेषणाआधी मात्र 'जास्त' या अर्थालाही 'स' उच्चारत नाहीत, म्हणून हा नियम वाक्याच्या शेवटापुरताच.

आकड्यांत आपल्या कानाची सवय आड येते. त्र्याहत्तर म्हणताना आपण आधी तीन ऐकतो, मग सत्तर. फ्रेंचमध्ये ७३ म्हणजे 'स्वासांत-त्रेझ', साठ आणि तेरा. 'स्वासांत' ऐकल्यावर ६० लिहून मोकळं झालं की चूक झालीच. ६ लिहून थांबायचं. पुढे दहा ते एकोणीसमधलं काही आलं तर ६ चा ७ करायचा आणि त्या शेपटीचा एकक लिहायचा: तेरातला ३, म्हणून ७३. 'कात्र-वँ' ऐकलं की ४ नव्हे, ८ लिहायचा, पुढे 'ओंझ' आलं तर ९१. एकोणसाठ ऐकताना साठवरून एक पाऊल मागे जाणाऱ्या कानाला ही बेरीज अवघड नाही, फक्त आकडा पूर्ण होईपर्यंत धीर धरावा लागतो.

दुसऱ्यांदा ऐकताना

पहिल्या फेरीनंतरच्या शांततेत प्रत्येक प्रश्नाच्या संभाव्य पर्यायावर ठिपका द्या आणि शंका असलेल्या प्रश्नांना गोल करा. दुसऱ्या फेरीत लक्ष गोल केलेल्या प्रश्नांवरच. ठिपका बदलायचा तर कोणता शब्द ऐकून बदलला ते सांगता आलं पाहिजे. 'काहीतरी वेगळं वाटलं' एवढ्यावर बदललेली उत्तरं या आठवड्यातल्या तपासणीत जास्त वेळा बिघडलेलीच निघाली. आणि एखादा प्रश्न निसटला तर त्याच्यासाठी थांबू नका, पुढच्या प्रश्नाचा मुख्य शब्द शोधून तिथे मुद्रणाला गाठा.

सरावाच्या जागेबद्दल थोडं. चर्चगेटच्या लोकलमध्ये इयरफोन लावून आर.एफ.आय. हा फ्रेंच रेडिओ ऐकणं कान तयार करायला चांगलं आहे, पण ती परीक्षेची तालीम नव्हे. खोलीत स्पीकरवरून ऐकावं लागलं तर आवाज लांबून येतो, भिंतीवर घुमतो आणि शब्दांचे शेवट आधी हरवतात. 'प्ल्यूस'चा 'स' आणि 'आं फेत'चा 'त' नेमके तिथेच असतात. ('त' निसटला तरी 'आं नेफे'शी गल्लत करू नका. त्याचा अर्थ दुरुस्तीच्या उलट, 'खरंच तसं आहे' असा आहे.) म्हणून आठवड्यातून दोनदा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, पंखा चालू ठेवून, मध्ये न थांबवता पूर्ण स्वाध्याय करायचा. तपासताना लिखित उतारा घेऊन प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: ऐकू आलं नाही, कळलं नाही, की कळूनही पर्याय चुकला. पहिल्याला त्याच वाक्याचं श्रुतलेखन, दुसऱ्याला शब्दसंग्रह, तिसऱ्याला पर्यायांसमोर मराठी शब्द लिहिण्याचा सराव.

पुढच्या आठवड्यात तिसरा स्वाध्याय. तिथे दुसरी फेरी नाही, त्यामुळे ठिपका आणि गोल दोन्ही एकाच ऐकण्यात बसवावे लागतील. सुरुवात फक्त एका छोट्या मुद्रणाने करू.