एवढा पसारा कशाला

"मॅडम, तासाभराच्या भाषणाला दोन पेन ड्राइव्ह, वर पीडीएफ, वर फोटोंचं फोल्डर! आमच्याकडे सगळं आहे, नुसती मेल करा ना," असं भाषणाला बोलावणारे म्हणतात.

केली असती. पण कातळशिल्पांवर बोलायला ज्या ज्या ठिकाणी जाते, तिथे "सगळं आहे" याचा अर्थ दर वेळी वेगळा निघालाय. आणि मेल उघडायला माझ्या फोनवर ओटीपी यावा लागतो. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, सभागृहात रेंज खिडकीच्या एका कोपऱ्यात असते, तीही वारा असेल तसा.

खरं कारण मात्र 2017 च्या डिसेंबरातलं आहे. मालवण तालुक्यातलं एक गाव, शाळेचा हॉल. त्या गावच्या सड्यावर आम्ही दोन हिवाळे काम केलं होतं. गवत कापणं, कातळावरची माती झाडणं, खोदलेल्या रेघेत साचलेला गाळ ब्रशने काढणं. गावातल्या अकरा जणांनी हे फुकट केलं, म्हणून शेवटच्या स्लाइडवर त्या अकराही जणांची नावं मी मोठ्या अक्षरात घातली होती. त्यातल्या एका आजोबांना आधीच सांगूनही ठेवलं होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते, नातवाला घेऊन.

माझ्या स्लाइड्स जुन्या मराठी फॉन्टमध्ये होत्या, डीटीपीवाल्या मित्राकडून आणलेल्या. ज्यांनी हे फॉन्ट वापरलेत त्यांना ठाऊक आहे की फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. दशावतारातल्या राजाचा मुकुट उतरवला की खाली आपला रोजचा माणूस दिसतो, तसंच. शाळेच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. पहिलीच स्लाइड उघडली तर इंग्रजी अक्षरं, मध्येच तिरकी रेघ, कंस, प्रश्नचिन्ह. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर निदान विंडोजने स्वतःच्या मंगल फॉन्टमध्ये दाखवलं असतं. थोडं कुरूप, पण वाचता आलं असतं.

फॉन्टची फाइल पेन ड्राइव्हवर होती, म्हणजे मी अगदीच बेसावध नव्हते. पण तो विंडोज 7 चा संगणक. त्यात फॉन्ट बसवायला अॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो ज्या सरांना माहीत, ते कणकवलीला लग्नाला गेलेले. फोन लागला नाही.

फोटो होतेच, मी तोंडाने सांगत गेले. लोक समजून घेतात, कोकणात कुणी कार्यक्रम मोडत नाही. शेवटची स्लाइड आली. अकरा ओळी, सगळ्या कचऱ्याच्या. मी नावं वाचून दाखवली, टाळ्या पडल्या. आजोबा उठून पडद्याजवळ गेले, चष्मा पुसला आणि विचारलं, "माजा नाव खंय आसा?" मी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ बराच वेळ बघितली. "हां," म्हणाले आणि नातवाला घेऊन गेले.

यावर माझ्यातली जुनी मी अजून भांडते. मी फॉन्ट एम्बेड केला होता! पॉवरपॉइंटमध्ये `File`, मग `Options`, मग `Save`, तिथे खाली `Embed fonts in the file` असतं. मी ती टिक स्वतःच्या हाताने केली होती. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की सेव्ह करताना एक सूचना आली होती, काही फॉन्ट फाइलबरोबर सेव्ह होणार नाहीत अशी. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी ती पूर्ण न वाचता पुढे गेले.

फॉन्ट बनवणारा त्यातच लिहून ठेवतो की हा दुसऱ्याच्या फाइलमध्ये घालायला परवानगी आहे की नाही. परवानगी नसेल तर टिक करून काही होत नाही. विंडोजच्या `Fonts` फोल्डरमध्ये फॉन्टवर राइट क्लिक करून `Properties`, मग `Details` बघितलं की `Font embeddability` समोर उत्तर असतं. माझ्या फॉन्टसमोर `Restricted` होतं. हे मला दोन महिन्यांनी कळलं.

मग सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं, मुक्ता फॉन्टमध्ये. तो मुक्त परवान्याचा आहे, बिनतक्रार एम्बेड होतो. टिकेखालच्या दोन पर्यायांपैकी सगळी अक्षरं घालणारा घेते. वापरलेलीच अक्षरं घातली की फाइल हलकी होते, पण ऐनवेळी पाहुण्यांचं नाव बदलायचं तर हवं ते अक्षर त्यात नसू शकतं.

तरी पुढच्याच वर्षी एका वाचनालयात पॉवरपॉइंटच नव्हतं, फुकटचं दुसरं सॉफ्टवेअर होतं. त्याने एम्बेड केलेला फॉन्ट जुमानला नाही आणि स्वतःचा लावला. अक्षरं रुंद झाली, ओळी घसरल्या आणि कुडोपीच्या शिल्पाचं नाव फोटोखाली गेलं. तेव्हापासून पीडीएफ. अॅडोब रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून `Fonts` मध्ये प्रत्येक फॉन्टपुढे `(Embedded Subset)` दिसलं, की मग मी झोपते. सगळ्यात वाईट म्हणजे पॉवरपॉइंटमधून पीडीएफ करताना न घालता येणाऱ्या फॉन्टच्या अक्षरांची चित्रं करायची सोय असते. त्या रात्री अर्धा मिनिट खर्चून पीडीएफ केली असती तर आजोबांना नाव दिसलं असतं.

मग नुसती पीडीएफच का नेत नाही, हा नवऱ्याचा प्रश्न. कातळशिल्प फोटोत पटकन दिसत नाही. आधी नुसता कातळ दाखवायचा, लोकांना शोधू द्यायचं, मग क्लिकवर पांढरी रेघ उमटवायची. पीडीएफमध्ये ॲनिमेशन नसतं, पहिल्या क्षणापासून रेघ फोटोवर बसलेली. त्यासाठी एकाच्या दोन स्लाइड केल्या, एक रेघेविना, एक रेघेसह. चालतं. पण रेघ हळूहळू काढत नेताना हॉलमध्ये जो आवाज होतो, तो दोन स्लाइडनी होत नाही. म्हणून दोन्ही नेते.

दुसरा पेन ड्राइव्ह वेगळ्या पिशवीत असतो. एकदा एका संगणकातल्या व्हायरसने पहिल्यावरची सगळी फोल्डर्स शॉर्टकट करून टाकली होती. हा दुसरा FAT32 मध्ये फॉरमॅट केलेला आहे, कारण काही टीव्ही दुसरं काही वाचत नाहीत. राजापूरकडे एका शाळेत प्रोजेक्टर म्हणजे टीव्हीच निघाला, तो फक्त जेपीजी दाखवायचा. पॉवरपॉइंट नावं `Slide1`, `Slide2` अशी देतं आणि त्या टीव्हीने 1 नंतर थेट 10 लावली. मुलांना हत्ती आधी दिसला, सडा नंतर. आता `01`, `02` असे आकडे घालते.

आणि तरी मागच्या महिन्यात एचडीएमआयची केबल विसरले.

आजोबांकडे ती स्लाइड छापून न्यायचं ठरवलं होतं. फॉन्टचा घोळ कळेपर्यंत दोन महिने गेले, मग पाऊस लागला. गेले तेव्हा नातवाने दार उघडलं. कागद त्याच्याकडे दिला.