पॅनेलमधली ती वीस माणसं

जाहिरातीची मोहीम संपली आणि ती किती जणांना दिसली याचे तिन्हीकडचे आकडे एका शीटवर आले: टीव्ही ५० टक्के, व्हिडिओ ॲप ४०, सोशल मीडिया ३०. आमचा लक्ष्यगट दहा लाखांचा. कुणीतरी तिन्हींची सरळ बेरीज करून ठेवली होती, बारा लाख. ग्राहकाच्या टीममधल्या बाईंनी विचारलं, "माणसंच दहा लाख आहेत, तर वरचे दोन लाख आले कुठून?"

ते कुठूनच आले नव्हते. एकच माणूस दोनदा-तीनदा मोजला गेला होता. प्रत्येक प्लॅटफॉर्म फक्त आपल्यापुरतं मोजतो. शेजारी कोणी काय पाहिलं, हे त्याला दिसत नाही.

मी नेहमीचं सेन्सबरी सूत्र लावलं. जाहिरात कुठेच न दिसलेल्यांचं प्रमाण आधी काढायचं, मग ते एकातून वजा करायचं:

```
1 − (0.5 × 0.6 × 0.7) = 0.79
```

७९ टक्के. आकडा पटण्यासारखा होता, आणि मी तो जवळजवळ पाठवलाच होता. पण हे सूत्र धरून चालतं की टीव्हीवर जाहिरात दिसली किंवा नाही दिसली, तरी फोनवर दिसण्याची शक्यता तेवढीच राहते. माणसं अशी वागत नाहीत. फोनवर तासन्‌तास असणारा माणूस व्हिडिओही पाहतो आणि सोशल मीडियावरही असतो.

सुदैवाने आमच्याकडे हजार जणांचं पॅनेल होतं, त्याच माणसांचा टीव्ही आणि फोन दोन्ही मोजणारं. त्यात पाहिलं. व्हिडिओ आणि सोशल दोन्हीकडे जाहिरात दिसलेले सूत्रानुसार १२ टक्के हवे होते, निघाले २४. टीव्ही-व्हिडिओ १७, टीव्ही-सोशल १४, आणि तिन्हीकडे १०. मग हिशोब असा झाला: १२० मधून जोड्यांचे ५५ वजा, आणि त्यात तिन्हीकडचे १० परत मिळवायचे, कारण ते तीनदा वजा झाले होते. उरले ७५.

७९ आणि ७५ मध्ये फार अंतर वाटत नाही. मला धक्का बसला तो पुढच्या आकड्याने. टीव्ही आणि व्हिडिओ मिळूनच ७३ टक्के झाले होते. म्हणजे सोशल मीडियाने नवीन माणसं आणली फक्त २ टक्के. सूत्र सांगत होतं ९. एकूण रीच साधारण बरोबर येऊनही चॅनेलचं श्रेय इतकं चुकू शकतं, हे मी तोवर कधी तपासलंच नव्हतं.

हजारातले २ टक्के म्हणजे वीस माणसं. नमुन्याची चूक धरली तरी खरा आकडा साधारण १ ते ३ टक्क्यांच्या आत राहतो, ९ पर्यंत पोचत नाही. ते मी ठामपणे लिहिलं. मग बाईंनी विचारलं, "ही वीस माणसं कोणत्या वयाची आहेत?" वयाचे चार गट केले की एकेका गटात चार-पाच जण उरतात. तेवढ्यांवरून पुढच्या मोहिमेचं बजेट ठरवू नका, असं सांगून मी तो तक्ता दिलाच नाही.