दोन लाख दहा हजार गेले कुठं?

मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी 2019 ते 2022 अशी चार वर्षं, दर ऑगस्टला दीड-दीड लाख, असं एकूण सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज आम्ही घेतलं. सहकर्जदार मी. शिक्षण संपून वर आणखी एक वर्ष होईपर्यंत हप्ता नव्हता, पण व्याज चालूच होतं. दहा टक्के सरळ व्याजानं जुलै 2024 अखेर ते 2,10,000 झालं. हप्ता सुरू होण्याआधी एवढं भरून टाकलं तर ते मुद्दलात मिसळणार नाही, म्हणून मी एकरकमी भरलं.

पैसे वरिष्ठ वेतनश्रेणीच्या फरकाचे होते. सोयाबीनचे पैसेही घरात होते, पण ते मुद्दाम वापरले नाहीत. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 80ई प्रमाणे शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची उत्पन्नातून वजावट मिळते, पण हे व्याज करपात्र उत्पन्नातून भरलेलं असावं लागतं आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त. म्हणून थेट पगाराच्या खात्यातून वळते केले. हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण आपल्याकडं निम्म्या घरांत फी शेतमालावरच भरली जाते.

एप्रिल 2025 मध्ये बँकेच्या ॲपवरून व्याजाचं प्रमाणपत्र काढलं. दोन मिनिटांत पीडीएफ आली. व्याज: 54,000. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या शाखेत गेलो. कर्जाच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "गुरुजी, सिस्टीममधून जे निघतं तेच आम्ही देतो." मी विचारलं, दोन लाख दहा हजार गेले कुठं? "ते मुद्दलात गेले असतील." झालं, पुढचा महिना याच एका वाक्यानं खाल्ला.

दुसऱ्या फेरीत साहेब रजेवर. तिसऱ्या फेरीत सिस्टीम बंद. चौथ्या फेरीला मी कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा काढून घेतला आणि घरी त्यावर लाल पेननं खुणा केल्या. तेव्हा कुठं घोळ मलाच नीट कळला. ॲपवरचं प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षात *आकारलेलं* व्याज दाखवतं. एप्रिल ते जुलैचे 20,000 आणि सप्टेंबर ते मार्चच्या सात हप्त्यांतले सुमारे 34,000, मिळून 54,000. वजावट मात्र त्या वर्षात *भरलेल्या* व्याजावर मिळते, मग ते व्याज मागच्या वर्षांचं का असेना. म्हणजे माझा आकडा 2,10,000 अधिक 34,000, असा 2,44,000. फरक 1,90,000 चा. वीस टक्क्यांचा टप्पा धरला तर सेससह साडेएकोणचाळीस हजारांचा कर. एवढ्यासाठी पाचवी फेरी मारणार नाही तो मास्तर कसला!

पाचव्या वेळी थेट शाखा व्यवस्थापकांसमोर उतारा ठेवला. भांडलो नाही, गणित विचारलं. "उचल सहा लाखांचीच आहे. भरण्याआधी बाकी 8,10,000 होती, भरल्यावर 6,00,000. मग मुद्दल एक रुपयानं तरी कमी झालं का?" त्यांनी उतारा दोनदा खालीवर केला आणि म्हणाले, "अर्ज द्या." अर्जात मी "व्याज प्रमाणपत्र मिळावे" एवढंच लिहिलं नाही. "2024-25 मध्ये प्रत्यक्ष भरलेले व्याज व मुद्दल स्वतंत्र दाखवून, कर्जदार व सहकर्जदार दोघांच्या नावे" असं लिहिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. दोघांच्या नावाचं यासाठी, की पीडीएफवर फक्त मुलीचं नाव होतं आणि वजावट मी घेणार होतो. नऊ दिवसांनी लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र मिळालं. परतताना बसस्टँडवर आधी भजी खाल्ली.

पगारातून कर आधीच कापला गेला होता. फेब्रुवारीत पंचायत समितीत कागद मागतात तेव्हा माझ्याकडं काहीच नव्हतं. पण वजावट विवरणपत्रातही मागता येते. जुनी करप्रणाली निवडावी लागते एवढंच, नवीनमध्ये ही सवलत नाही. 2025 च्या फॉर्ममध्ये बँकेचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि 31 मार्चची बाकी हे सगळं भरायला लागलं. मंजुरीपत्र आधीच शोधून ठेवा, आमचं मुलीच्या दहावीच्या फायलीत निघालं.

आणखी एक राहिलंच. ही सवलत व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठच वर्षं चालते. आमच्या शाळेतल्या एका सरांनी मुलगा शिकत असतानाच थोडंथोडं व्याज भरलं आणि त्यांची आठ वर्षं तेव्हाच सुरू झाली. माझे 84 हप्ते ऑगस्ट 2031 ला संपतील, म्हणजे ते बरोबर आठ आर्थिक वर्षांत बसतात. हे काही मी ठरवून केलेलं नाही, पण बायकोला तसंच सांगितलंय.

आता दर एप्रिलला ॲपवरचीच पीडीएफ चालते. हप्ते वेळेवर जातात, त्यामुळं आकारलेलं आणि भरलेलं व्याज सारखंच येतं. तरी मी दोन्ही आकडे ताडून बघतो.