शोरीलमध्ये आधी सिलेंडर, शेवटी संवाद

कोर्स संपला तेव्हा माझ्याकडे तीनेक मिनिटांचं थ्रीडी अॅनिमेशन जमलं होतं. ज्युनिअर कॅरेक्टर अॅनिमेटरच्या जागांसाठी अर्ज करायचे, तर शोरील, म्हणजे निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, मिनिटभरात बसवायचं ठरवलं. रील बघणाऱ्या लीडसमोर, म्हणजे टीमच्या प्रमुखासमोर, अर्जांचा ढीग असतो. सुरुवातीच्या दहा सेकंदांत काही दिसलं नाही, तर तो पुढचं कशाला बघेल? त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ पहिली क्लिप निवडण्यात गेला.

प्रत्येक क्लिप आधी आवाज बंद करून बघितली, मग एकेक फ्रेम पुढे सरकवत. टेकलेला पाय जमिनीवर घसरतोय का, पाय सरळ होताना गुडघा झटका खातोय का, दोन्ही हात एकाच फ्रेमला थांबतायत का, हे असंच दिसतं. बाउन्सिंग बॉल आणि साधा वॉक सायकल लगेच काढले. ते प्रत्येकाच्या रीलमध्ये असतात.

पहिला मान गॅस सिलेंडरच्या शॉटला दिला. एक माणूस भरलेला सिलेंडर उचलून खांद्यावर घेतो, एवढंच. पण त्यात वजन दिसतं. आधी कंबर खाली जाते, पहिल्या हिसक्याला सिलेंडर हलतच नाही, मग भार एका पायावर येतो आणि खांद्यावर घेतल्यावर तोल सावरायला धड उलट्या बाजूला झुकतं. हे पटलं की बघणाऱ्याला बॉडी मेकॅनिक्सची खात्री पटते. रेंडर साधाच होता, राखाडी पार्श्वभूमीवरचा प्लेब्लास्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधून झटपट काढलेला कच्चा व्हिडिओ. अॅनिमेटरच्या रीलला तेवढं पुरतं.

दुसरी क्लिप मांजराची. ते चालत येऊन भिंतीवर उडी मारतं. चाल मध्यम होती, उडी चांगली. म्हणून दबा धरण्यापासून पंजे टेकून अंग स्थिरावेपर्यंतचाच तुकडा ठेवला. स्थिरावण्याआधी कट मारला असता, तर तिथलं काम जमलं नसेल अशी शंका आली असती.

संवादाचा अभिनय शेवटी ठेवला. तो आवाजासकट, सलग बघावा लागतो. बघणारा तिथवर थांबलाय म्हणजे त्याला रस आहे. शिवाय लक्षात राहतं ते शेवटचं. मालिका किंवा फिल्म करणाऱ्या स्टुडिओंसाठी मात्र हाच शॉट पुढे आणला, कारण तिथे अभिनयच आधी बघतात.

गेम स्टुडिओंसाठी वेगळी रील कापली. धावणं आणि वार करणं यांचे लूप, समोरून आणि बाजूने. गेममध्ये कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात असतो, त्यामुळे एकाच कोनातून छान दिसणारी पोझ तिथे चालत नाही.

प्रत्येक क्लिपखाली छोट्या अक्षरात लिहिलं की अॅनिमेशन माझं, रिग, म्हणजे पात्र हलवायचा सांगाडा, दुसऱ्याचं. सुरुवातीला आणि शेवटी नाव, फोन, ईमेल, तीन-तीन सेकंद. पार्श्वसंगीत घातलंच नाही, संवाद दबला असता.